बाथरूमच्या टाइल्स आणि नळांची पारख

कजारिया, सोमाणी, जॉन्सन यांसारखी कोणतीही मोठी कंपनी भरपूर पाणी शोषणारी टाइलही बनवते आणि जवळपास न शोषणारीही. म्हणून नुसती कंपनीशी कंपनी ताडून काहीच कळत नाही. ज्या मालिकेची टाइल पसंत पडली, तिचा तांत्रिक तक्ता दुकानदाराकडून मागून घ्यावा आणि दुसऱ्या कंपनीच्या त्याच प्रकारच्या टाइलशी तो ताडावा.

तक्त्यात आधी पाणी शोषण्याचं प्रमाण बघावं. जास्त तापमानाला भाजताना टाइलच्या मिश्रणातला फेल्डस्पार वितळून छिद्रं भरतो. ही भरणी जितकी पूर्ण, तितकी टाइल पाणी कमी पिते. शोषण वजनाच्या 0.5 टक्क्यापर्यंत असेल तर ती व्हिट्रिफाइड. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलमध्ये ते 10 टक्क्यांच्या वरही असतं, आणि भिंतीसाठी ते चालतं, कारण तिथे वजन पडत नाही आणि पाणी साचत नाही. जमिनीला मात्र व्हिट्रिफाइडच घ्यावी.

तक्ता मिळत नसेल तर घरी अंदाज घेता येतो. नमुन्याची कोरडी टाइल स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावी, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावी आणि पुसून पुन्हा तोलावी. समजा, 1,600 ग्रॅमची एक टाइल 1,604 ग्रॅम भरली आणि तेवढ्याच वजनाची दुसरी 1,664. पहिलीने पाव टक्का पाणी घेतलं, दुसरीने चार टक्के. प्रयोगशाळेत टाइल पाण्यात उकळून किंवा निर्वातात ठेवून तपासतात, त्यामुळे तिथला आकडा घरच्यापेक्षा जास्त येतो. तरी दोघींत डावी-उजवी ठरवायला ही चाचणी पुरेशी आहे.

कमी शोषणाची एक अडचण गवंडी सहसा सांगत नाहीत. साधा सिमेंटचा माल टाइलच्या छिद्रांत शिरून धरतो. व्हिट्रिफाइडला छिद्रंच नसल्याने तो नीट धरत नाही आणि काही महिन्यांत टाइल ठोकल्यावर पोकळ वाजू लागते. अशा टाइलला पिशवीवर ‘व्हिट्रिफाइडसाठी’ असं लिहिलेलं टाइल अ‍ॅडेसिव्हच वापरावं लागतं. हा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा. शिवाय खालच्या घरात होणारी गळती टाइलच्या शोषणाने थांबत नाही. पाणी सांध्यांतून झिरपतं, त्यामुळे टाइलखालचं वॉटरप्रूफिंग वेगळं करावंच लागतं.

पकडीच्या बाबतीत आकडे फसवे ठरतात, कारण कंपन्या वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल छापतात. R9 ते R13 ही श्रेणी तेल ओतलेल्या उतारावर बूट घातलेल्या माणसाला चालवून ठरवतात. A, B, C ही श्रेणी साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या उतारावर अनवाणी चालवून ठरते आणि बाथरूमला तीच जास्त लागू पडते. A म्हणजे निदान 12 अंशांच्या उतारापर्यंत, B म्हणजे 18 आणि C म्हणजे 24 अंशांपर्यंत पाय घसरला नाही. शॉवरखाली B असलेली टाइल घ्यावी. फक्त R दिला असेल तर R10 च्या खाली जाऊ नये. एका कंपनीचा R दुसरीच्या B शी ताडू नये. पकड फार वाढवण्यातही अर्थ नाही. खरखरीत टाइलमध्ये साबण आणि पाण्यातले क्षार बसतात आणि रोज घासावं लागतं. घरात वयस्क माणूस असेल, तर आंघोळीच्या जागी लहान आकाराच्या टाइल्स लावणं अधिक उपयोगी. सांधे जास्त असल्याने पाय अडतो आणि जाळीकडे उतार काढणंही सोपं जातं.

वॉरंटीचा खरा कस नळांत लागतो. टाइलच्या खोक्यावर बहुधा ‘बसवल्यानंतर तक्रार घेतली जाणार नाही’ असं छापलेलं असतं. म्हणून रंगछटेचा आणि बॅचचा क्रमांक सगळ्या खोक्यांवर एकच आहे ना, हे बसवण्याआधीच बघावं लागतं. नळांच्या वॉरंटीची वर्षं मोठ्या अक्षरांत असतात, पण अटी वाचल्या पाहिजेत. क्षारांनी अडकलेली जाळी, अ‍ॅसिडने उडालेला क्रोमचा मुलामा आणि रबरी वायसर यांना ती सहसा लागू नसते. बोअरवेलचं जड पाणी असलेल्या घरात यातलंच जास्त बिघडतं.

सगळ्यात जपून निवडायचा तो भिंतीत गाडला जाणारा डायव्हर्टर. तो गळला तर कंपनी सुटा भाग बदलून देईल, पण फोडलेल्या टाइल्सचा आणि गवंड्याचा खर्च घरमालकाच्याच माथी पडतो. म्हणून दर्शनी पट्टी काढून आतलं कार्ट्रिज समोरूनच बदलता येईल असाच डायव्हर्टर घ्यावा, आणि ते कार्ट्रिज गावातल्या दुकानात मिळतं का हे प्लंबरला विचारावं. त्या भिंतीच्या त्याच बॅचच्या सहा-आठ टाइल्स माळ्यावर राखून ठेवाव्यात. बिलावर मॉडेलचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी. दावा करताना कंपनी प्रथम तेच मागते.