तुळस की अननस? मॅस्कॉट रंगाशिवाय ओळखू येतो का, ते कसं तपासायचं

माझं आजोळ कौंडण्यपूर. अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. रुक्मिणीचं माहेर म्हणून हे गाव ओळखलं जातं आणि आषाढीसाठी इथून पालखी पायी पंढरपूरला जाते. पालखी आज कुठे मुक्कामाला आहे हे सांगणारं एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप गावातल्या पोरांनी करायला घेतलं. कोड माझ्याकडे आला आणि मॅस्कॉट मावसबहिणीकडे, कारण तिचा हात चांगला आहे. तिने काढलेली मुलगी खरंच गोड होती. हिरवं लुगडं, डोक्यावर केशरी वृंदावन, त्यात तुळस, हसरे डोळे. ग्रुपवर सगळ्यांनी बदाम पाठवले.

मग हेच चित्र एका रंगात पिशव्यांवर छापायचं ठरलं. नशीब, आधी नमुन्याची एकच पिशवी छापली. मामांनी ती हातात घेतली, लांब धरली आणि म्हणाले, "हे काय होय रे? मले तं अननस दिसते."

आम्ही हसलो, पण ते बरोबर बोलत होते. काळ्या शाईत वृंदावन, पानं आणि केस यांचा एकच गोळा झाला होता, वर टोकं आलेला.

याचं कारण आकड्यांत दिसतं. पानांचा हिरवा होता `#2E7D32` आणि वृंदावनाचा केशरी `#E65100`. डोळ्यांना हे दोन रंग अगदी वेगळे वाटतात. पण रंग काढून फक्त उजेड-अंधार मोजला, तर 0 ते 255 च्या पट्टीवर हिरवा येतो साधारण 103 वर आणि केशरी 107 वर. म्हणजे जवळजवळ एकच करडा. एकरंगी छपाईत तर करडाही नसतो, शाई असते किंवा नसते. ही पट्टी मध्यावर, 128 च्या आसपास कापली की दोन्ही काळे होतात. केस आधीच काळे. तीन वेगळ्या गोष्टींना वेगळं ठेवणारा एकुलता एक आधार म्हणजे रंग होता, आणि तोच आपण काढून घेतला.

हे पिशवी छापण्याआधीच कळलं असतं. इमेजमॅजिक हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं असेल, तर तीन ओळी पुरतात:

```
magick tulsa.png -alpha extract -negate savli.png
magick tulsa.png -background white -flatten -colorspace Gray -threshold 50% ekrang.png
magick tulsa.png -background white -flatten -resize 48x48 -scale 1000% lahan.png
```

पहिली ओळ आकृती आतून पूर्ण काळी भरते, म्हणजे नुसती सावली उरते. त्यासाठी मूळ पीएनजीची पार्श्वभूमी पारदर्शक हवी, नाहीतर अख्खा चौकोन काळा होईल. दुसरी ओळ एकरंगी रूप देते. तिसरी चित्र 48 पिक्सेलवर नेऊन परत मोठं करते, म्हणजे लहान होताना काय हरवलं ते आरामात बघता येतं.

या फाइल लोकांना दाखवताना "कसं वाटतंय?" विचारू नका. सगळे छान म्हणतात. चित्राबद्दल काही न सांगता तीन सेकंद दाखवायचं आणि "काय दिसलं?" एवढंच विचारायचं. आमची सावली मी सात जणांना दाखवली. दोघांना मुलगी दिसली, बाकीच्यांना फळ, फुलदाणी, आणि एकाला देवळाचा कळस.

बहिणीने दुरुस्ती रंगात केली नाही, आकारात केली. डोकं आणि वृंदावन यांच्यामध्ये पांढरी फट सोडली. पानांच्या झुबक्याऐवजी सुटी तीन मोठी पानं ठेवली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही हात वर नेऊन वृंदावन धरलं, कोपरं बाहेर. त्यामुळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना रिकामे त्रिकोण तयार झाले. सावलीत "डोक्यावर काहीतरी नेतेय" हे त्या रिकाम्या जागेमुळे कळतं, काळ्या भागामुळे नाही. मात्र या फटी जाड ठेवाव्या लागतात. कापडावर शाई पसरते आणि बारीक फट बुजते. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघेवर किंवा फटीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

गडद पिशवीवर पांढऱ्या शाईत छापायचं म्हणून मी चित्र सरळ उलटं केलं, काळ्याचं पांढरं. चेहरा भुतासारखा झाला, कारण बुबुळं पांढरी आणि डोळे काळे. गडद कापडासाठी चेहरा वेगळा काढावा लागतो, ज्यात बुबुळं कापडाच्याच रंगाची राहतील.

नोटिफिकेशनच्या आयकॉनची गोष्ट वेगळी. तिथे अँड्रॉइड तुमचे रंग बघतच नाही, कुठला भाग पारदर्शक आहे आणि कुठला नाही एवढंच बघतं. पांढऱ्या पार्श्वभूमीचं चित्र दिलं तर ठोकळा दिसतो. (माझ्या पहिल्या बिल्डमध्ये तोच दिसला.) शिवाय हा आयकॉन 24 डीपीचा, म्हणजे स्क्रीनवर साधारण 3.8 मिलिमीटर. आमचं मूळ चित्र 512 पिक्सेलचं आणि डोळ्याची रेघ 6 पिक्सेलची. हिशोब केला तर ती रेघ 0.04 मिलिमीटरच्या आसपास येते, केसापेक्षा बारीक. फोन कितीही महाग असला तरी ती दिसणार नाही. म्हणून या आकाराला तेच चित्र लहान करून चालत नाही, दुसरं काढावं लागतं. आम्ही अंग, लुगडं आणि चेहराही सोडला. फक्त भरीव डोकं, वर वृंदावन आणि तीन पानं.

आता वेगवेगळ्या पोझ. इथे आम्ही खरे अडकलो. हात वर असतील तोवर ती आमची मुलगी. पण अ‍ॅपमध्ये ती मुक्कामाला जेवायलाही बसते, आणि जेवताना तुळस खाली ठेवावीच लागते. मग उरते कोणीही एक मुलगी.

इथे अमूलची मुलगी आठवली. 1966 साली मुंबईत सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे ही मोहीम होती आणि चित्र युस्टेस फर्नांडिस यांनी काढलं. वर्गीस कुरियन यांची अपेक्षा होती की ती काढायला सोपी आणि लक्षात राहणारी असावी, कारण तेव्हा होर्डिंग हाताने रंगवायचे आणि वरचेवर बदलायचे. तिला नाक नाही, पण निळे केस, वर बांधलेली शेंडी आणि गोल डोळे आहेत. ठिपक्यांचा फ्रॉक काढून दुसरा पोशाख घातला तरी शेंडी डोक्यावरच राहते. ओळख अंगाला चिकटलेली आहे, हातातल्या वस्तूत नाही.

म्हणून आम्ही मुलीला रिबिनीने दुमडून बांधलेल्या दोन वेण्या दिल्या, कानाशी दोन ठळक वाटोळ्या. समोरून दोन दिसतात, बाजूने एक, पाठमोरी असली तरी दोन. मग चालणारी, बसलेली, पाठमोरी, धावणारी आणि झोपलेली अशा पाच सावल्या केल्या. त्यांत दुसऱ्याच एका मुलीच्या दोन सावल्या मिसळल्या आणि त्याच सात जणांना "यातली एकच मुलगी वेगळी काढा" म्हटलं. चार पोझ सगळ्यांनी बरोबर निवडल्या. झोपलेली कोणालाच ओळखू आली नाही, कारण वेण्या उशीत गेल्या होत्या. ती पोझ काढून टाकली, आता मुक्कामाच्या स्क्रीनवर ती बसलेलीच असते.

नवी पिशवी मामांना दाखवली. त्यांनी पुन्हा लांब धरली. "पोरगी होय. तुळस नेऊन राह्यली," म्हणाले, आणि पिशवी घेऊन बाजाराला गेले. रबरी शिक्क्यावर मात्र पानांमधल्या फटी अजून शाईने भरतात. तिथे एकच पान ठेवून बघायचं ठरलंय.