पाव मिलिमीटरचा कोपरा

1988 च्या पावसाळ्यात मरोळच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मी पहिल्यांदा फटीगने तुटलेला शाफ्ट हातात घेतला. तोवर 'फटीग' हा माझ्यासाठी परीक्षेतला सोळा मार्कांचा प्रश्न होता. मिक्सरचा शाफ्ट, 50 मिमी व्यासाचा, चेनच्या स्प्रॉकेटजवळ आडवा तुटलेला. मालकाचं म्हणणं, माल खोटा निघाला. मिलिंगवाल्या काकांनी तुटलेलं तोंड रॉकेलने पुसलं, दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "साहेब, माल खोटा नाय. हे एका दिवसात तुटलेलं नाय. रेषा बघा."

रेषा होत्या. भरतीचं पाणी ओसरताना वाळूवर राहतात तशा, एका बिंदूपासून पसरत गेलेल्या. तो बिंदू चावीच्या खाचेच्या, म्हणजे की-वेच्या, तळातल्या कोपऱ्यावर होता. रेषांचा भाग गुळगुळीत होता आणि पलीकडे उरलेला तुकडा खडबडीत, चमकदार. तो मात्र शेवटच्या दिवशी एका झटक्यात गेला होता.

आता त्याला पस्तीसहून अधिक वर्षं झाली. मरोळ, साकीनाक्याचे बरेचसे गाळे वसई-भिवंडीला गेले, काही जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पण त्या एका शाफ्टने मला जे शिकवलं ते क्रमाने मांडण्यासारखं आहे. कारण ते शिकताना मी दोनदा चुकलो आणि दोन्ही चुका पुस्तकाला धरूनच होत्या.

आम्हाला कॉलेजात की-वेसाठी 'पाऊण' शिकवलं होतं. अमेरिकेतल्या एएसएमईच्या 1927 च्या शाफ्टिंग कोडमधला नियम: शाफ्टला चावीची खाच असेल तर परवानगी असलेला ताण 25 टक्क्यांनी कमी धरा. त्याच्याही आधीचं, 1909-10 च्या सुमाराचं, इलिनॉय विद्यापीठातल्या एच. एफ. मूर यांचं सूत्र पाठ असायचं:

e = 1 − 0.2(w/d) − 1.1(h/d)

यात w खाचेची रुंदी, h खोली आणि d शाफ्टचा व्यास. आमच्या शाफ्टला 14 बाय 9 ची चावी होती आणि खाच 5.5 मिमी खोल. उत्तर येतं 0.82. म्हणजे 18 टक्के ताकद गेली आणि पाऊणच्या नियमाने तर त्याहून जास्त सोडून दिलेली. हिशोबात शाफ्ट भक्कम, टेबलावर तुकडे.

मूर यांचं सूत्र चूक नाही. ते प्रामुख्याने एकदा भार देऊन शाफ्ट कुठे नमतो हे सांगतं. पण त्यातली अक्षरं पुन्हा बघा: रुंदी आहे, खोली आहे, तळाच्या कोपऱ्याची गोलाई कुठेच नाही. आणि तडा तर नेमका त्या कोपऱ्यातून निघाला होता.

मिक्सर मिनिटाला 24 फेरे फिरायचा. घट्ट बॅच पडली की पहिली पंधराएक मिनिटं चेनचा ओढा जबर असायचा आणि दिवसाला अशा सहा बॅच. पीळ त्या वेळात बराचसा एकसारखा राहतो. वाकणं मात्र दर फेऱ्याला उलटतं: खाच वर आली की दाब, खाली गेली की ओढ, किंवा उलट. म्हणजे दिवसाला दोन हजारांवर जड उलटापालट. खाचेच्या टोकापाशी वाकण्याचा ताण मी काढला तो सुमारे 105 एमपीए आला. शाफ्ट ईएन 8 चा, तुटायची ताकद 630 च्या आसपास. सहापट अंतर. तरी चौथ्या महिन्यात तुटला.

पहिली चूक मी इथे केली. म्हटलं, जास्त ताकदीचा माल घालू. ईएन 24, कडक करून 900 एमपीए. ताकद 43 टक्क्यांनी वाढली, खर्चही वाढला. ड्रॉइंग तेच ठेवलं. तो शाफ्ट साधारण सात महिने चालला आणि त्याच जागी, त्याच कोपऱ्यातून तुटला. मालकाने मला काही बोल लावला नाही. पण दुसरा चहा मागवला नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

उत्तर मिळालं ते अंधेरीतच, मुन्शी नगरातल्या सरदार पटेल कॉलेजच्या ग्रंथालयात. वेस्टिंगहाउसमध्ये आयुष्य घालवलेल्या आर. ई. पीटरसन यांचं ताणसंचयावरचं जाड पुस्तक तिथे होतं. त्यात एक ओळ आहे, तिच्यावर हा सगळा विषय उभा आहे:

Kf = 1 + q(Kt − 1)

Kt हा निव्वळ आकाराचा आकडा. खाचेच्या कोपऱ्यात ताण साध्या हिशोबातल्या ताणाच्या कितीपट चढतो ते तो सांगतो. धातू कोणता, याच्याशी त्याला घेणं नाही. Kf म्हणजे फटीगची ताकद प्रत्यक्षात कितीने भागावी लागते तो आकडा. आणि या दोघांमधलं q म्हणजे त्या धातूचा खाचेबाबतचा हळवेपणा. शून्य असेल तर धातूला खाच जाणवतच नाही, एक असेल तर पुरती जाणवते.

हळवेपणा बदलतो का? तडा एका बिंदूवरच्या ताणाने निघत नाही, कोपऱ्याच्या आतल्या थोड्याशा जाडीला तो ताण सोसावा लागतो. पीटरसन यांनी ही जाडी a या एका लांबीत बसवली आणि q = 1/(1 + a/r) असं मांडलं; r म्हणजे कोपऱ्याची गोलाई. मऊ पोलादात a मोठी, कडक पोलादात लहान. ईएन 8 ला ती सुमारे 0.22 मिमी येते आणि कडक केलेल्या आमच्या ईएन 24 ला 0.11. म्हणजे कडक धातूला तोच कोपरा जास्त टोचतो.

आता कोपरा मोजायला हवा होता. आमच्याकडच्या रेडियस गेजचं सगळ्यात लहान पातं 1 मिमीचं. काकांनी युक्ती काढली: तुटक्या शाफ्टच्या खाचेत मऊ मेण दाबलं, गार झाल्यावर अलगद उपसलं आणि त्याची कड कापून शेजारच्या गाळ्यातल्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर धरली. पडद्यावरची सावली मोजली तर गोलाई 0.25 मिमी. ड्रॉइंगवर गोलाई लिहिलेलीच नव्हती. स्लॉट ड्रिलचा कोपरा धार लावून जसा आला तसाच खाचेत उतरला. आणि गंमत म्हणजे हे नियमातच होतं. आयएस 2048 मध्ये या मापाच्या चावीला तळाची गोलाई 0.25 ते 0.40 मिमीच आहे. पीटरसन यांच्या पुस्तकातला की-वेचा बहुतेकांना पाठ असलेला 2.14 हा आकडा मात्र व्यासाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतक्या गोलाईचा आहे, म्हणजे 50 मिमीला जवळजवळ 1 मिमी. मापं इथली आणि तक्ता तिथला असं एकत्र केलं की हिशोब शाफ्टपेक्षा आधी मोडतो. हा घोटाळा मी आजही नव्या मुलांच्या हिशोबात पाहतो.

पाव मिलिमीटरला Kt जवळपास 3.95 येतो. ईएन 8 चा q 0.53, म्हणून Kf 2.6. ईएन 24 चा q 0.69, म्हणून Kf 3.0. खाच नसलेल्या शाफ्टची फटीगची मर्यादा, पृष्ठभाग आणि व्यास यांची वजावट धरून, ईएन 8 ला साधारण 210 एमपीए आणि ईएन 24 ला 273. भागाकार केला: 81 आणि 90. ताकदीतली 43 टक्के वाढ कोपऱ्यापर्यंत पोचेतो 11 टक्के उरली. वरचा ताण 105. दोघंही तुटणारच होते, एक जरा उशिरा.

मग तोच हिशोब ईएन 8 आणि 1 मिमी गोलाई धरून केला. Kt उतरून 2.2, q चढून 0.82, Kf 1.98, मर्यादा 106. स्वस्त माल आणि गोल कोपरा मिळून महाग मालाच्या पुढे गेले. गोलाई वाढवली की q वाढतो, म्हणून फायदा Kt च्या आकड्यावरून वाटतो तेवढा होत नाही, पण होतो.

दुसरी चूक इथे होऊ शकली असती आणि अर्धी झालीच. 105 समोर 106 घेऊन मी ड्रॉइंग द्यायला निघालो होतो. फटीगच्या आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांचा विखुरलेपणा सहज असतो, एका एमपीएवर कोणी झोपू नये. काकांनी विचारलं, "खाच एवढी लांब कशाला?" स्प्रॉकेट मागेपुढे सरकवता यावं म्हणून ती हबच्या काठाबाहेर 65 मिमी बेअरिंगकडे गेलेली होती. चेनच्या रेषेपासून खाचेचं टोक 110 मिमी, म्हणजे वाकणं चढत जातं तिथवर आपणच कोपरा नेऊन ठेवला होता. खाच आखूड करून टोक 70 मिमीवर आणलं, तरी ते हबच्या काठापासून 25 मिमी पुढे राहिलं. अगदी काठाखाली आणायचं नाही, कारण तिथे हब घासून तांबूस पूड पडते आणि तेही तडा सुरू करायला पुरतं. टोकाचा ताण 105 वरून 67 वर आला. पुढे बेअरिंगजवळ शाफ्ट 60 चा होत होता, त्या पायरीला 3 मिमी गोलाई होती आणि तिने कधी त्रास दिला नाही.

आता आठवलं की वाटतं, मी तीन आठवडे सूत्रात होतो आणि काकांचा प्रश्न दहा सेकंदांचा होता. लोकलची चाकं आसावर चावीशिवाय, निव्वळ दाबून बसवतात, म्हणजे खाच टाळताही येते, हे रोज लोकलने जाताना मला कधी सुचलं नव्हतं.

गोलाई वाढवली की एक किंमत द्यावी लागते. बाजारच्या 14 बाय 9 चावीची कड 0.4 ते 0.6 मिमी तासलेली असते. 1 मिमी गोल कोपऱ्यात ती तळाशी बसत नाही, गोलाईवर चढून बसते, आणि स्प्रॉकेट ठोकून बसवताना कोपऱ्यालाच ओरखडा पडतो. म्हणून चावीच्या खालच्या कडा 1.2 मिमी तासाव्या लागल्या. शाफ्टमधल्या 5.5 मिमी उंचीपैकी 4.3 मिमीच टेकायला उरली, चावीवरचा दाब पूर्ण उंचीच्या मानाने पाव भागाहून अधिक वाढला. तो तपासला, चालण्याजोगा होता. कटरचे कोपरे काकांनी ऑइलस्टोनवर हाताने गोल केले, मेणाचा ठसा तीन वेळा काढला.

त्यानंतर काही वर्षांनी लिप्सन, नॉल आणि क्लॉक यांच्या 1950 च्या पुस्तकातला तक्ता पाहिला. की-वेला वाकण्यात, मऊ पोलादाला Kf 1.6 आणि कडक केलेल्याला 2.0. म्हणजे कडक माल खाचेला जास्त हळवा, हे आम्ही मरोळला दोन शाफ्ट तोडून शिकलो ते तिथे दोन आकड्यांत छापलेलं होतं. पण गोलाई तिथेही नाही, म्हणून आमच्या पाव मिलिमीटरला तो तक्ता अपुराच पडला असता.

आता कार्बाइडचे कटर कोपऱ्याला हवी ती गोलाई देऊन तयार मिळतात, व्हीएमसीवर एका फेऱ्यात खाच होते. परवा मुलुंडच्या एका ओळखीच्या कारखान्यासाठी 50 मिमीच्या शाफ्टचं ड्रॉइंग दिलं, खाचेच्या तळाला R1.0 लिहून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या इन्स्पेक्शनमधल्या मुलीचा फोन आला: "सर, स्टँडर्डमध्ये जास्तीत जास्त 0.4 आहे, जॉब रिजेक्ट करू का?" मी म्हटलं, जॉब ठेव. रिजेक्ट करायचीच तर बाजारची चावी कर, तिला 1.2 ची कड मारून घे. आणि खाचेचं टोक हबच्या काठापासून किती पुढे आहे ते आधी मोजून सांग.