गाडीचे कर्ज मुदतीआधी फेडताना बँकेला काय लिहावे?

बोनस हाती आला किंवा एखाद्या ठेवीची मुदत पूर्ण झाली की गाडीचे उरलेले कर्ज एकदाच फेडून टाकावे असे अनेकांना वाटते. बँकेच्या अ‍ॅपवर ‘शिल्लक मुद्दल’ दिसतेच, तेवढे पैसे ते भरतात. पण खाते बंद होत नाही. काही बाकी उरते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हप्ता कापला जातो. खाते बंद करण्याची रक्कम ही निव्वळ मुद्दलाची रक्कम नसते, हे त्यामागचे कारण. म्हणून पैसे भरण्यापूर्वी बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट मागवून घ्यावे लागते.

एक हिशेब मांडून पाहू. ८ लाखांचे कर्ज ९ टक्के स्थिर दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १६,६०७ रुपये येतो. ३६ हप्ते भरून झाले, शेवटचा ५ तारखेला गेला. आता मुद्दल साधारण ३,६३,५०० रुपये शिल्लक आहे. कर्ज २० तारखेला बंद करायचे, तर मधल्या १५ दिवसांचे व्याज रोजचे ९० रुपये धरून १,३५० रुपये होते. करारात मुदतपूर्व फेडीचे शुल्क ३ टक्के असेल तर ते १०,९०५ रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी १,९६३ रुपये. एकूण भरायचे ३,७७,७१८ रुपये. उरलेले २४ हप्ते भरत राहिल्यास ३,९८,५६८ रुपये गेले असते. म्हणजे वाचतात सुमारे २०,८५० रुपये. ‘व्याज वाचेल’ म्हणून मनाशी धरलेल्या ३५ हजारांपैकी बराच भाग शुल्कात जातो, हे आधीच कळलेले बरे.

हे शुल्क सर्वांना लागत नाही. व्यवसायाशिवाय अन्य कारणासाठी व्यक्तीने घेतलेले कर्ज तरत्या व्याजदराचे असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला ते आकारता येत नाही. गाडीची बरीच कर्जे स्थिर दराची असतात, तिथे करारात लिहिलेली टक्केवारी लागू होते. आपला कर्ज करार काढून ही टक्केवारी पाहून ठेवावी.

आता पत्र. ‘माझे किती कर्ज बाकी आहे ते कळवावे’ एवढेच लिहिले तर एकच आकडा हाती येतो आणि त्यात काय काय धरले आहे ते कळत नाही. मजकूर असा असावा:

‘मा. शाखा व्यवस्थापक,
विषय : वाहन कर्ज मुदतीपूर्वी बंद करण्याबाबत.
माझे कर्ज खाते क्र. …, वाहन क्र. …. हे कर्ज मी दि. … रोजी पूर्ण फेडू इच्छितो. कृपया त्या तारखेचे फोरक्लोजर स्टेटमेंट द्यावे. त्यात शिल्लक मुद्दल, त्या तारखेपर्यंतचे व्याज, थकीत हप्ते व दंड असल्यास ते, मुदतपूर्व शुल्क व त्यावरील जीएसटी वेगवेगळे दाखवावेत. आकडा कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे आणि उशीर झाल्यास रोजचे व्याज किती, हेही नमूद करावे. रक्कम कोणत्या खात्यात व कशी भरायची ते कळवावे.
आपला विश्वासू, (सही, नाव, मोबाइल)’

तारीख निवडताना हप्त्याचा दिवस बघा. हप्ता ५ तारखेला असेल आणि तुम्ही ३ तारखेला पैसे भरलेत, तर खात्यातून हप्ता कापण्याची सूचना आधीच निघालेली असू शकते. मग जादा कापलेले पैसे परत मागत बसावे लागते. हप्ता गेल्यानंतरचा आठवडा सोयीचा. चेक दिल्यास तो वटेपर्यंत व्याज चालू राहते हेही विसरू नये.

पत्र शाखेत दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. ईमेल पाठवला तर तक्रार क्रमांक जपून ठेवावा. स्टेटमेंट आल्यावर टक्केवारी करारातल्या टक्केवारीशी ताडून पाहा, आणि न ओळखता येणारी रक्कम दिसली तर भरण्यापूर्वीच लेखी खुलासा मागा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.

पैसे भरले तरी काम संपत नाही. आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. बँकेकडून कर्ज बंद झाल्याचे पत्र, एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ दोन प्रतींत घ्या, आरटीओतून बोजा उतरवा आणि विमा पॉलिसीवरचे बँकेचे नावही काढून घ्या. गाडी विकताना खरेदीदार सर्वात आधी हेच विचारतो.