टी ट्री तेलाची जुनी बाटली आणि अंगावरचे पुरळ

मुरमांसाठी, कोंड्यासाठी मिळणारी टी ट्री तेलाची छोटी तपकिरी बाटली आता पुष्कळ घरांत दिसते. एका वेळी दोन-तीन थेंबच लागतात, म्हणून 10 मिलीची बाटली वर्ष-दोन वर्षे पुरते. त्रास होतो तो त्यामुळेच.

हे तेल झाडाच्या पानांतून वाफेने काढतात. हवेतला ऑक्सिजन लागला की त्यातले घटक बदलतात आणि पेरॉक्साइडसारखी नवी द्रव्ये तयार होतात. ऊन आणि उष्णता हे काम लवकर करतात. ताज्या तेलाने अ‍ॅलर्जी होण्याचा धोका कमी असतो. या नव्या द्रव्यांनी तो बराच वाढतो.

समजा, जानेवारीत बाटली उघडली आणि पत्र्याखालच्या फळीवर ठेवली. मे महिन्यात पत्रा तापतो, बाटली अर्धी झालेली असते. तपकिरी काच उजेड अडवते, पण उष्णता अडवत नाही आणि रिकाम्या अर्ध्या भागातली हवाही काढत नाही. त्यातले तेल पावसाळ्यात मुलीने मुरमांवर लावले. पहिले काही दिवस काहीच झाले नाही, कारण शरीराला ते द्रव्य ओळखायला दहा-पंधरा दिवस तरी लागतात. त्यानंतर मात्र तेल लावले की एक-दोन दिवसांत तिथे लाली, खाज आणि बारीक पुरळ येते. ही ओळख सहसा पुसली जात नाही. पुढे ताजे तेल लावले तरी पुरळ येऊ शकते.

म्हणून बाटली उघडली त्या दिवशीच तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. झाकण लगेच घट्ट लावा. चूल, पत्रा आणि खिडकीपासून दूर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा; फ्रीज असेल तर त्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. तेल अर्ध्यावर आले की स्वच्छ, कोरड्या, छोट्या गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ ओता आणि तीच तारीख तिच्यावर लिहा. प्लास्टिकच्या बाटलीत ओतू नका, हे तेल काही प्लास्टिक मऊ करते.

उघडल्यापासून वर्ष झाले की ते तेल अंगाला लावू नका. टर्पेंटाइनसारखा उग्र वास आला किंवा तेल दाट, चिकट झाले तर त्याआधीच सोडा. मात्र वास बरा आहे म्हणजे तेल चांगले, असे समजू नका, तारीखच पाहा. ताजे तेलही थेट लावू नका. चहाचा एक चमचा खोबरेल तेलात दोन थेंब पुरेत. पोटात कधीच घेऊ नका.

पुरळ आलेच तर तेल बंद करा, जागा साध्या पाण्याने धुवा, वर दुसरे काही चोळू नका. फोड आले किंवा डोळे सुजले तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि बाटली बरोबर न्या. कशामुळे झाले हे ओळखायला डॉक्टरांना तिची मदत होईल.