फाट्यावर थांबायचं कुणी?

गल्लीतून, सोसायटीच्या फाटकातून किंवा गावच्या फाट्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना आपल्याकडचा अलिखित नियम म्हणजे, ज्याचं बोनेट आधी पुढे आलं त्याचा रस्ता. लिखित नियम वेगळा आहे. देशात 2017पासून लागू असलेल्या मोटार वाहन चालन नियमावलीनुसार छोट्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने, मुख्य रस्त्यावरून आधीच चाललेल्या वाहनांना वाट द्यायची असते. थांबायचं ते येणाऱ्याने.

गैरसमज : ‘उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला.’

हे अर्धंच खरं आहे, आणि घात होतो तो या अर्ध्या सत्यानेच. उजवीकडच्याला वाट देण्याचा नियम दोन सारख्याच दर्जाचे रस्ते मिळतात आणि सिग्नल, पोलीस किंवा फलक यांपैकी काहीच नसतं, अशा चौकासाठी आहे. गल्लीतून हमरस्त्यावर येणारा माणूस तिथल्या एका बाजूच्या वाहनांच्या उजवीकडून येत असतो, हे खरं. म्हणून ती वाहनं त्याच्यासाठी थांबायला बांधील होत नाहीत. एक रस्ता मुख्य म्हटला की उजवं-डावं गौण ठरतं.

लाल कडेचा उलटा त्रिकोण दिसला तर ‘वाट द्या’, म्हणजे वेग कमी करा आणि गरज पडली तर थांबा. लाल अष्टकोनात ‘थांबा’ असेल, तर रस्ता रिकामा दिसला तरी चाकं पूर्ण थांबलीच पाहिजेत. फाट्यावर फलक नसला, म्हणून नियम उठत नाही.

गैरसमज : ‘इंडिकेटर दिलाय, हॉर्न वाजवलाय, आता तो थांबेल.’

इंडिकेटरने फक्त इरादा कळतो, हक्क मिळत नाही. डिपरचं तर आणखी गोंधळाचं. समोरच्याने लाइट मारला की काहीजण ‘या, या’ असं समजून गाडी पुढे घालतात. आपल्या रस्त्यांवर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी येतोय, थांब’ असाच असतो.

गैरसमज : ‘गाडी लांब आहे, सहज निघून जाऊ.’

लांब म्हणजे किती, याचा हिशेब डोळ्यांना जमत नाही. ऊसतोडणीच्या हंगामातला एक प्रसंग धरू. दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर फाट्यावरून उजवीकडे वळून राज्यमार्गाला लागतोय. सगळी लांबी पंधरा मीटरच्या आसपास. पहिल्या गिअरमध्ये तो सेकंदाला जेमतेम दीड मीटर सरकतो. जवळची लेन ओलांडून शेवटची ट्रॉली तिच्यातून बाहेर पडेपर्यंत बावीसेक मीटर जायचं, म्हणजे पंधरा सेकंद गेले. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. तेवढ्या वेळात ती सव्वातीनशे मीटरहून जास्त पुढे येते. म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला उजवीकडे तेवढा रस्ता मोकळा दिसायला हवा. वळण किंवा चढ आड असेल, तर तो दिसणारच नाही. तिथे एका माणसाने खाली उतरून रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभं राहून अंदाज देणं, हाच खरा उपाय. रात्री मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल, तर रस्त्यात आडव्या उभ्या ट्रॉलीचा पत्ताही लागत नाही.

मोटारीला इतका वेळ लागत नाही, पण तिथे वेगळी अडचण असते. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, त्यामुळे काचेचा उजवा खांब त्याच्या अगदी डोळ्यांजवळ येतो, आणि सगळ्यात आधी गाठणारी वाहनं नेमकी उजवीकडूनच येतात. त्या खांबाआड अख्खी मोटारसायकल झाकली जाते. ‘कुठून आली कळलंच नाही’ हे वाक्य बऱ्याचदा प्रामाणिक असतं. थोडं पुढे-मागे वाकून पुन्हा एकदा उजवीकडे पाहिलं, तर ती दिसते.

गैरसमज : ‘मुख्य रस्त्यावरचा कधीच चुकत नाही.’

इथे हमरस्त्यावरून भरधाव जाणाऱ्यांनी खूश होऊ नये. चौक किंवा फाटा जवळ आला की वेग कमी करणं त्यांच्यावरही बंधनकारक आहे. अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात दोघांचाही निष्काळजीपणा ठरू शकतो, आणि ज्याची जितकी चूक, तितकी त्याची भरपाई घटते.

सोसायटीचं फाटक आणि पेट्रोल पंप यांची गोष्ट थोडक्यात. बाहेर पडताना पहिला हक्क फुटपाथवरच्या पादचाऱ्याचा, मग रस्त्यावरच्या वाहनांचा. ‘पुढचा यू टर्न लांब आहे’ म्हणून पंपावरून उलट्या दिशेने निघालात, तर वाट देण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण त्या बाजूने येण्याचा हक्कच तुम्हाला नाही. डावीकडे वळा, पुढे जाऊन यू टर्न घ्या.