वक्त्याचा परिचय वाचण्याआधी : महाडच्या तारखांपासून 'डॉ.' या एका अक्षरापर्यंत

रायगडच्या किनारपट्टीवर 20 मार्च आणि 25 डिसेंबर या दोन तारखांच्या आसपास गावोगावी कार्यक्रम होतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, महाड अशा तालुक्यांत मुंबई-पुण्याहून वक्ते बोलावले जातात. वक्त्याचा परिचय व्हॉट्सअॅपवर येतो, त्याची प्रिंट निघते आणि सूत्रसंचालक तो माइकवर वाचतो. तो मजकूर मुळात कोणी लिहिला, हे बहुतेक वेळा कोणालाच ठाऊक नसते. अनेकदा तो वक्त्यानेही लिहिलेला नसतो. दुसऱ्या गावच्या मंडळाने तीन वर्षांपूर्वी तयार केलेला मजकूर फिरत फिरत आपल्याकडे पोहोचलेला असतो.

पूर्वी ही चूक मंडपातच विरून जायची. आता कार्यक्रमाचे चित्रीकरण होते, ते यूट्यूबवर राहते आणि पुढच्या वर्षी दुसरे मंडळ त्यातूनच परिचय उतरवून घेते. म्हणून परिचयातील माहिती वाचण्याआधी कशी तपासायची आणि ऐनवेळी बदल झाला तर काय करायचे, हे आम्ही येथे एका नमुन्यावरून मांडत आहोत. हा नमुना कोणा एका व्यक्तीचा नाही. नेहमी ऐकू येणारे तीन दावे आम्ही त्यात एकत्र केले आहेत.

समजा, परिचयात असे लिहिले आहे : 'आयुष्मती डॉ. अमुक या ज्येष्ठ अभ्यासक आहेत. त्यांच्या आजोबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेबांसोबत चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. राज्य शासनाच्या समाजभूषण पुरस्काराने त्या सन्मानित आहेत.'

पहिला दावा : आजोबा आणि तळे

हे वाक्य ऐकायला भारदस्त आहे, पण त्यातील तारीख आणि घटना एकमेकींशी जुळत नाहीत. महाडला 1927 मध्ये दोन परिषदा झाल्या. पहिली 19 आणि 20 मार्चला झाली. 20 मार्चला परिषदेतील लोक बाबासाहेबांबरोबर मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वर मंदिरात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले.

दुसरी परिषद डिसेंबरमध्ये झाली. बाबासाहेब 24 डिसेंबरला मुंबईहून प्रतिनिधींसह बोटीने निघाले, 25 तारखेला दुपारी दासगावला उतरले आणि त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर पुन्हा सत्याग्रह करायचा बेत होता. पण परिषदेआधीच विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला होता. त्यामुळे विचारविनिमयानंतर सत्याग्रह तहकूब झाला आणि मिरवणूक पाण्याला हात न लावता तळ्याला वळसा घालून परत आली. तळ्याच्या दाव्याचा अंतिम निकाल उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी दिला.

म्हणजे 25 डिसेंबरला कोणी तळ्याचे पाणी प्याले, हे होऊ शकत नाही. पण म्हणून आजोबांची आठवण खोटी ठरत नाही. कदाचित ते मार्चमध्ये गेले असतील, कदाचित डिसेंबरमध्ये, कदाचित दोन्ही वेळा. अशा वेळी वक्त्याला 'तुमची तारीख चुकली' असे सांगण्यापेक्षा आठवणीतील खुणा विचाराव्यात. आजोबा पाणी प्याल्याचे किंवा मारहाण झाल्याचे सांगत असत का? तसे असेल तर ती मार्चची गोष्ट आहे. बोटीने दासगावला उतरल्याचे, मनुस्मृतीच्या होळीचे सांगत असत का? मग डिसेंबरची. त्याचबरोबर आजोबांचा अंदाजे जन्म विचारावा. ते 1922 च्या सुमारास जन्मले असतील, तर 1927 मध्ये पाच वर्षांचे होते. मग हा प्रसंग पणजोबांचा तर नाही ना, हे विचारले पाहिजे.

एवढे करूनही नेमके कळले नाही, तर वाक्य असे वाचावे : 'त्यांचे आजोबा महाडच्या लढ्यात सहभागी होते, असे त्यांच्या घरात सांगितले जाते.' यात कुटुंबाचा मान राहतो आणि आपण खात्री नसलेली तारीखही माइकवरून सांगत नाही.

दुसरा दावा : 'डॉ.'

पीएच.डी.साठी नाव नोंदवणे, प्रबंध सादर करणे, तोंडी परीक्षा होणे आणि विद्यापीठाने पदवी जाहीर करणे हे चार वेगळे टप्पे आहेत. नावापुढे 'डॉ.' शेवटच्या टप्प्यानंतर लागते. उत्साही कार्यकर्ते ते दुसऱ्याच टप्प्यावर लावतात, आणि वक्त्याला भर सभेत ते नाकारणे अवघड जाते. म्हणून फोनवर सरळ विचारावे : 'पदवी प्रदान झाली आहे का? कोणत्या विद्यापीठाची, कोणत्या वर्षी?' अलीकडचे बरेच प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात पाहता येतात. मात्र सगळे प्रबंध तेथे नाहीत, विशेषतः जुने. त्यामुळे प्रबंध तेथे सापडला तर पुरावा मिळाला, पण सापडला नाही म्हणून पदवी नाही असे मानता येत नाही.

या टप्प्यांमुळे खुद्द बाबासाहेबांच्या परिचयातही गोंधळ होतो. कोलंबिया विद्यापीठाच्या पीएच.डी.चे वर्ष कोणी 1917 सांगते, कोणी 1927. प्रबंधाचे काम 1917 च्या सुमारास मान्य झाले होते. पण त्या काळी छापील प्रती जमा केल्याशिवाय तेथे पदवी मिळत नसे. प्रबंध पुस्तकरूपाने 1925 मध्ये आला आणि पदवी जून 1927 मध्ये मिळाली. म्हणजे मार्चच्या महाड परिषदेच्या वेळी ही पदवी अजून हातात पडायची होती. तरीही तेव्हा त्यांना 'डॉ. आंबेडकर' म्हणणे बरोबरच होते, कारण लंडनची डी.एस्सी. त्यांना 1923 मध्येच मिळाली होती. दोन वर्षे समोर आली की त्यातले एक खोटेच असते असे नाही. कोणते वर्ष कोणत्या टप्प्याचे आहे, ते आधी पाहावे.

याच जागी आणखी एक वाक्य हमखास ऐकू येते : 'कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना जगातील पहिल्या क्रमांकाचा विद्वान घोषित केले.' असा क्रमांक विद्यापीठाने लावलेला नाही. 2004 मध्ये विद्यापीठाला अडीचशे वर्षे झाली, तेव्हा काळाच्या पुढे असलेल्या आपल्या नामवंतांची एक यादी त्याने प्रसिद्ध केली. त्या यादीत बाबासाहेबांचे नाव आहे, पण ती क्रमवारी नाही. हे वाक्य पन्नास ठिकाणी सापडते, पण ते सगळे एकमेकांवरून उतरवलेले आहे. पन्नास नकला म्हणजे पन्नास पुरावे नव्हेत. वक्त्याच्या परिचयालाही हेच लागू आहे.

तिसरा दावा : पुरस्कार

राज्य शासन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने समाजभूषण पुरस्कार देते. अनेक खासगी संस्था आणि मंडळेही 'समाजभूषण' याच नावाने सत्कार करतात. त्यात गैर काही नाही. पण परिचय हातोहात जाताना संस्थेचे नाव गळते आणि 'शासनाचा' हा शब्द चिकटतो. येथे तीन गोष्टी विचाराव्यात : पूर्ण नाव, देणारी संस्था आणि वर्ष. मानपत्राचा किंवा प्रमाणपत्राचा फोटो मागितला की तिन्ही एकदम कळतात. वर्ष किंवा संस्था मिळाली नाही, तर ती ओळ गाळावी. 'अनेक आंतरराष्ट्रीय पुरस्कारांनी सन्मानित' या ओळीत ना नाव असते ना वर्ष. ती तपासताच येत नाही, म्हणून आम्ही ती वाचत नाही.

वक्त्यालाच वाचून दाखवा

कागदपत्रे पाहून झाली की कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी वक्त्याला फोन करून संपूर्ण परिचय मोठ्याने वाचून दाखवावा. नुसता पाठवून 'ठीक आहे का?' विचारले, तर उत्तरादाखल अंगठा येतो आणि मजकूर वाचलेलाच नसतो. ऐकताना मात्र माणूस थांबवतो : 'मी आता त्या महाविद्यालयात नाही', 'लग्नानंतरचे आडनाव मी लावत नाही', 'नावाचा उच्चार असा आहे'. आजारपण, घरातील प्रसंग, जुनी जात यांचा उल्लेख हवा की नको, हेही याच वेळी विचारता येते. तो निर्णय वक्त्याचा असतो. मजकूर पक्का झाला की त्यावर तारीख आणि वेळ लिहावी, एकच प्रत सूत्रसंचालकाकडे द्यावी आणि जुन्या प्रती फाडाव्यात.

ऐनवेळी बदल झाला तर

आपल्या भागात वक्ता अडकणे नवे नाही. मुंबई-गोवा महामार्गावर कोंडी होते, आणि गेटवे ते मांडवा प्रवासी लाँच पावसाळ्यात बंद असते. समजा, सहाचा कार्यक्रम आहे आणि साडेपाचला कळले की वक्त्या पोहोचू शकत नाहीत. त्यांच्याऐवजी गावातील एक निवृत्त शिक्षक बोलणार आहेत.

अशा घाईत मोबाइलवर नाव शोधून परिचय तयार करू नये. एकाच नावाची अनेक माणसे असतात, आणि दुसऱ्याच माणसाची पुस्तके या गुरुजींच्या नावावर वाचली जातात. मंचामागे त्यांच्याजवळ पाच मिनिटे बसावे आणि तीनच गोष्टी लिहून घ्याव्यात : नाव कसे घ्यायचे, कोणते काम करतात किंवा केले, आणि आजच्या विषयाशी त्यांचा संबंध काय. लिहिलेले तिथेच त्यांना वाचून दाखवावे. तीन-चार वाक्यांचा हा परिचय पुरेसा असतो. जुन्या कागदावर खाडाखोड करून नवे नाव घालू नये, कारण वाचताना नजर खोडलेल्या ओळीवर जाते आणि गुरुजींना आधीच्या वक्त्यांचा पुरस्कार मिळून जातो.

बदल फक्त सूत्रसंचालकाला सांगूनही भागत नाही. अध्यक्षांच्या भाषणात, सत्काराच्या यादीत आणि आभाराच्या कागदावर जुने नाव तसेच असते. सर्वांत जास्त विसरली जाते ती बातमी. ती अनेकदा आदल्या दिवशीच लिहून ठेवलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी न आलेल्या वक्त्यांचे 'मार्गदर्शन' छापून येते. म्हणून बदल कळवण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे आणि तिने अध्यक्ष, सूत्रसंचालक, सत्कार करणारे, आभार मानणारे आणि बातमी पाठवणारे अशा पाचही जणांना प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून सांगावे.

बदल वक्त्याचा नसून माहितीचा असेल, म्हणजे मंचावर जाता जाता कोणी 'ताईंना आता प्राचार्यपद मिळाले, ते घाला' असे कानात सांगितले, तर वक्त्यालाच विचारावे. विचारायला वेळ नसेल, तर ते घालू नये. न वाचलेली खरी गोष्ट वक्ता स्वतः सांगू शकतो. पण चुकीची गोष्ट वाचली गेली, तर ती त्यालाच लोकांसमोर खोडून काढावी लागते.

आणि वक्त्याने तशी दुरुस्ती केलीच, तर सूत्रसंचालकाने भाषण संपल्यावर एका वाक्यात ती पुन्हा सांगावी, म्हणजे चित्रीकरणातही ती स्पष्ट राहते. मग मंडळाच्या फाइलमधील प्रतीवर तीच दुरुस्ती शाईने करावी, म्हणजे पुढच्या वर्षी जे तो परिचय मागतील, त्यांच्या हाती बरोबर मजकूर जाईल.