ताप उतरला, तरी गोळ्या का सुरू?

फेब्रुवारी १९४१मध्ये ऑक्सफर्डच्या रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई मरणाच्या दारात होता. चेहऱ्यावर सुरू झालेला जंतुसंसर्ग सगळ्या अंगात पसरला होता. त्याला नवं, प्रयोगावस्थेतलं पेनिसिलिन टोचलं गेलं आणि एका दिवसात फरक दिसला. ताप उतरू लागला, तो जेवू लागला. औषधाचा साठा मात्र तुटपुंजा होता. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलिन वेगळं काढून पुन्हा टोचण्यापर्यंत डॉक्टरांनी धडपड केली. पाच दिवसांत तोही मार्ग खुंटला. काही दिवस तो सावरलेला राहिला, मग संसर्ग उलटला आणि १५ मार्चला त्याचा मृत्यू झाला.

रुग्णाला बरं वाटणं आणि संसर्ग संपणं यांत काही दिवसांचं अंतर असतं. अँटिबायोटिकचा कोर्स त्या अंतरासाठी असतो. ते अंतर किती, हे जंतू शरीरात कुठे दडलाय यावर बरंचसं ठरतं.

आपल्याकडचा टायफॉइड त्याचं चांगलं उदाहरण आहे. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून आलेले हे जंतू आतड्याच्या भिंतीतून आत शिरतात आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा इथल्या पेशींच्या आत मुक्काम ठोकतात. जंतूंना गिळणाऱ्या संरक्षक पेशींमध्येच ते जिवंत राहतात. त्यामुळे योग्य औषध सुरू झालं तरी ताप लगेच जात नाही. उतरायला चार-पाच दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. तो उतरला की रक्तातले जंतू घटलेले असतात, पेशींमधले काही तरीही टिकून असू शकतात. नेमक्या त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या, तर दोन-तीन आठवड्यांनी ताप पुन्हा येण्याचा धोका वाढतो.

समजा, तिशीतली एक स्त्री पाच दिवसांच्या तापाने दवाखान्यात आली. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी रक्त कल्चरला पाठवलं आणि उलट्या होत असल्याने सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं सुरू केली. कल्चरमध्ये जंतू वाढायला आणि कोणतं औषध त्यांच्यावर चालतं हे कळायला दोन ते पाच दिवस लागतात. रिपोर्टमध्ये टायफॉइडचा जंतू निघाला, त्याच्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिन चालतं असं दिसलं. तोवर उलट्या थांबून ती जेवू लागली होती, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन बंद करून गोळ्या दिल्या. कोर्स अर्धवट सुटला नाही, फक्त औषध बदललं.

औषधागणिक दिवसही बदलतात. टायफॉइडमध्ये सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन साधारण १० ते १४ दिवस देतात, तर अ‍ॅझिथ्रोमायसिन बहुतेकदा ७ दिवस. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींच्या आत साठतं आणि शेवटच्या गोळीनंतरही काही दिवस तिथे राहतं. जंतूही तिथेच असतो, म्हणून कमी दिवस पुरतात.

आता याच स्त्रीच्या कल्चरमध्ये काही वाढलं नाही आणि डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह आली, असं धरू. डेंग्यू विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. अशा वेळी दुसऱ्या जंतुसंसर्गाची खूण नसेल, तर डॉक्टर औषध मध्येच थांबवतात. मात्र नुसतं कल्चर निगेटिव्ह आल्याने टायफॉइड नाही असं ठरत नाही. खऱ्या रुग्णांपैकीही अनेकांच्या रक्तात जंतू सापडत नाहीत. म्हणून डॉक्टर रिपोर्टच्या जोडीने रुग्णाची तपासणीही जमेस धरतात.

साध्या न्यूमोनियात तर कोर्सच आखूड झाला आहे. पूर्वी ७ ते १० दिवस औषध देण्याची पद्धत होती. आता दोन दिवस ताप नसेल, श्वास आणि रक्तदाब ठीक असेल, तर अनेक प्रौढ रुग्णांना ५ दिवस पुरतात, असं अभ्यासांतून दिसलं आहे. याउलट क्षयात औषधं किमान सहा महिने चालतात. नव्या उपचारपद्धतींमध्ये कमी काळ पुरला, तरी तो महिन्यांतच मोजावा लागतो.

गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेण्याचाही तोटा आहे. आतड्यात आणि त्वचेवर राहणारे निरुपद्रवी जंतूही त्या माऱ्यात सापडतात. औषधाला न जुमानणारे उरतात, वाढतात आणि पुढे त्यांतलाच एखादा मूत्रमार्गात संसर्ग करू शकतो. म्हणूनच पुरेसे आहेत तेवढेच दिवस देण्याकडे डॉक्टरांचा कल वाढतो आहे.

हा हिशेब रुग्णाला घरी बसून करता येत नाही. पण डॉक्टरांना विचारता नक्की येतं: औषध किती दिवस, आणि रिपोर्ट आल्यावर ते बदलेल का? अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर पुढची गोळी न घेता ताबडतोब रुग्णालय गाठावं. जुलाब वाढले, गोळी उलटून पडू लागली, तर डॉक्टरांना फोन करावा. टायफॉइडमध्ये अचानक पोटात जोरात दुखू लागलं, तर आतड्याला छिद्र पडलं असण्याची शक्यता असते. तेव्हाही थांबू नये. आणि बरं झाल्यावर काही आठवड्यांनी ताप परत आला, तर घरातली उरलेली स्ट्रिप उघडण्याआधी रक्ताचं कल्चर पुन्हा करून घेणं गरजेचं असतं.